टेपेस्ट्री क्रोशे

क्रोशाच्या एकाच सुईने, दोन किंवा अधिक रंगांच्या दोऱ्यांनी केलेले घट्ट विणकाम. चालू टाका एका रंगाचा असतो. त्या क्षणी न लागणारा दुसरा रंग मागे सोडून न देता टाक्याच्या पोटातून पुढे नेला जातो. त्यामुळे कापडाच्या मागच्या बाजूला लोंबते दोरे राहत नाहीत, कापड जाड व ताठ होते आणि नक्षी ग्राफवरून एकेक घर मोजून उतरवता येते. पिशव्या, टोप्या, बटवे, टोपल्या यांना हे काम शोभते. शाल किंवा अंगातला कपडा या पद्धतीने फार जड होतो.

प्रसार : मध्य अमेरिकेतील ग्वातेमालामध्ये पुरुषांच्या खांद्यावरच्या झोळ्या या रीतीने विणल्या जातात. कोलंबियाच्या ग्वाहिरा भागातील वायू समाजाच्या रंगीत पिशव्या जगभर विकल्या जातात. वायू स्त्रियांनी क्रोशाची सुई मिशनऱ्यांकडून घेतली असे बहुधा सांगितले जाते. त्यावर एकमत नाही. इंग्रजी वाचकांपर्यंत हे तंत्र नेण्याचे श्रेय कॅरोल व्हेंतुरा या अमेरिकी कला-इतिहासकार बाईंना दिले जाते. पीस कोअरच्या स्वयंसेविका म्हणून त्या ग्वातेमालातील हाकाल्तेनांगो येथे होत्या. त्यांचे या विषयावरचे पहिले पुस्तक 1991 मध्ये कॅरोल नॉर्टन या नावाने निघाले.

टाका : सर्व काम मुक्या खांबाचे. वापरात नसलेला दोरा आधीच्या फेऱ्याच्या माथ्यावर आडवा ठेवायचा आणि त्याच्यावरून, त्याला पोटात घेत, टाका घालायचा. सुई खालच्या टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून घालावी. एकच धागा उचलला तर आतला दोरा डोकावतो. रंग बदलण्याची जागा हा या तंत्राचा गाभा आहे. मुक्या खांबात सुईवर दोन फासे येतात, ते एकत्र ओढून काढण्यासाठी दोऱ्याचा जो शेवटचा वेढा घेतला जातो, तो पुढच्या टाक्याच्या रंगाचा हवा. म्हणजे लाल टाका लाल दोऱ्याने सुरू होतो, पण पुढचा टाका पांढरा असेल तर संपतो पांढऱ्याने. हे चुकले की पुढच्या पांढऱ्या टाक्याच्या डोक्यावर लाल ठिपका उमटतो आणि नक्षीची कड करवतीसारखी दिसू लागते.

ग्राफ वाचणे : एक घर म्हणजे एक टाका, एक आडवी ओळ म्हणजे एक फेरा. वाचन खालून वर. गोल विणताना कामाची सुलट बाजू सतत समोर असते, म्हणून प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे वाचायची. सपाट तुकडा उलटवत विणला तर पहिली ओळ उजवीकडून, दुसरी डावीकडून, अशी आलटून पालटून.

मराठी घरांतून दाराचे तोरण आणि टेबलावरचे रुमाल विणणाऱ्या बायकांना ग्राफ नवा नाही. फरक घराच्या अर्थात आहे. जाळीच्या क्रोशात रिकामे घर म्हणजे भोक आणि भरलेले घर म्हणजे खांबांचा गठ्ठा. इथे रिकामे घर म्हणजे जमिनीच्या रंगाचा टाका. जाळीचा जुना ग्राफ या कामाला चालतो, मात्र एका घराला एकच टाका धरल्यामुळे नक्षी पुष्कळ लहान येते.

उदाहरण : पांढऱ्या पिशवीवर लाल ‘न’. अक्षर 5 घरे रुंद व 7 ओळी उंच. दोन्ही बाजूंना एकेक पांढरे घर सोडून रुंदी 7. पिशवीचा तळ 6 टाक्यांनी सुरू करून दर फेऱ्याला 6 वाढवले तर चौदाव्या फेऱ्यात 84 टाके होतात आणि घेरावर बरोबर 12 अक्षरे बसतात. इथून वाढ थांबवून उभी भिंत विणायची. पहिल्या दोन ओळी उजवीकडून : 1 पांढरा, 1 लाल, 5 पांढरे, तो एकटा लाल टाका म्हणजे दंडाचा पाया. तिसरी ओळ : 1 पांढरा, 1 लाल, 2 पांढरे, 2 लाल, 1 पांढरा, डावीकडचे दोन लाल टाके ही अक्षराची गाठ. चौथ्या ओळीत 1 पांढरा, 5 लाल, 1 पांढरा, म्हणजे गाठ दंडाला जोडली जाते. पाचवी व सहावी पहिलीसारखी. सातवी, शिरोरेघेची, पुन्हा चौथीसारखी.

शिरोरेघ पिशवीभर सलग काढायचा मोह टाळावा. फेरे न जोडता चढत विणले की फेऱ्याच्या सुरुवातीला एका टाक्याची पायरी पडते आणि सलग लाल रेघेत ती लगेच नजरेत येते. अक्षरे सुटी ठेवून फेऱ्याची सुरुवात दोन अक्षरांमधल्या पांढऱ्या जागेत घेतली की पायरी दिसत नाही. दंड तिरका येणे मात्र टळत नाही : उजव्या हाताने गोल विणताना प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या किंचित उजवीकडे बसतो आणि उभी रेघ वर जाताना उजवीकडे कलते. देवनागरीत हा कल रोमन लिपीपेक्षा जास्त खटकतो, कारण बहुतेक अक्षरांना दंड आहे. ग्राफवरची सरळ रेघ ताठ उतरत नाही म्हणून टाके पुनःपुन्हा उसवणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावे.

दोष : आतला दोरा ओढला गेला तर कापड आवळते. तुकडा टेबलावर पसरून पाहावा. फुगवटा किंवा चुणी दिसली तर दोरा ताणलेला आहे. दर थोड्या टाक्यांनी विणलेला भाग आडवा हलकेच ताणला की आतला दोरा आपोआप पुरेसा सरकतो. फिक्या टाक्यांमधून गडद दोरा दिसत असेल तर एक नंबर बारीक सुई घ्यावी. दुसरा रंग फक्त अक्षराच्या जागी आत घेणे आणि मधल्या मोकळ्या जागेत सोडणे चुकीचे. कापड एका ठिकाणी जाड व एका ठिकाणी पातळ होते. तो फेराभर आत असावा. दोरे गुंतू नयेत म्हणून एक गुंडी उजवीकडे व दुसरी डावीकडे ठेवतात.

सुती दोऱ्यात सर्वांत महाग पडणारी चूक रंग सुटण्याची. लाल दोरा पांढऱ्या टाक्यांच्या पोटात असतो, तेव्हा पहिल्याच धुण्यात सगळी पिशवी गुलाबी होऊ शकते आणि त्यावर उपाय नाही. विणण्याआधी हातभर दोरा कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यात दाबून पाहावा.

प्रादेशिक : आदिलाबाद हा महाराष्ट्राला लागून असलेला, मराठी बोलणाऱ्यांची वस्ती असलेला तेलंगणाचा कापूस पिकवणारा जिल्हा, तिथल्या उन्हाळ्यात लोकरीपेक्षा सुती दोराच सोयीचा. जिल्ह्याच्या नावाने प्रसिद्ध असलेली हस्तकला मात्र क्रोशाची नसून डोकरा धातुकामाची आहे. तेलुगू प्रदेशात क्रोशाचे मोठे केंद्र गोदावरीच्या मुखाजवळचे नरसापूर (आंध्र प्रदेश). तिथले काम लेसचे, म्हणजे भोकांचे. समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तिथल्या घरबसल्या विणणाऱ्या स्त्रियांच्या मजुरीवर लिहिलेला अभ्यास 1982 मध्ये प्रसिद्ध झाला.

डावरे : डाव्या हाताने विणणाऱ्यांनी गोल कामात ग्राफ डावीकडून उजवीकडे वाचावा, नाहीतर अक्षर आरशातल्यासारखे उलटे येते, त्यांच्या हातून दंड डावीकडे कलतो. ग्राफच्या कोपऱ्यात वाचनाची दिशा बाणाने दाखवलेली नसेल तर विणायला बसण्यापूर्वी ती पेन्सिलीने काढून घ्यावी.