झाकता येते, उघडता येत नाही

छायाचित्रातील ऋतू बदलण्याची खटपट छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची चित्रे दोन काचांवरून छापली. एकीवर पाणी, दुसरीवर ढग. तेव्हाची काच निळ्या प्रकाशाला फार संवेदनशील असल्यामुळे पाणी नीट उमटेपर्यंत आकाश कोरे पांढरे होऊन जाई. जोड क्षितिजाच्या रेषेत लपला. त्याने एकच आकाश निरनिराळ्या समुद्रांवर वापरले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी पोस्टकार्डांचे छापणारे दिवसाच्या छायाचित्राला गडद निळा रंग देऊन, चंद्र काढून आणि खिडक्या पिवळ्या करून चांदणी रात्र विकू लागले. अशा कार्डातील लबाडी सावलीवरून ओळखता येते. सावल्या सूर्याच्या असतात. चंद्र मात्र त्या जिकडे पडतात त्याच बाजूला टांगलेला दिसतो.

या दोन्ही युक्त्यांत एक समान सूत्र आम्हांला दिसते: भूमी तीच ठेवून तिच्यावर काही घालता येते, जे मूळ चित्रात झाकलेले आहे, ते मात्र बाहेर काढता येत नाही. दिवसाची रात्र होते, रात्रीचा दिवस करायचा तर तपशील कल्पनेने भरावा लागतो.

परभणी जिल्ह्यात हे सूत्र लावून पाहू. गंगाखेडजवळच्या गोदाकाठाचे दृश्य चित्रकाराला संदर्भासाठी हवे आहे. श्रावणातील छायाचित्र घेतले, तर सोयाबीन आणि कपाशीखाली जमिनीचा उतार बुजलेला असतो आणि पुराच्या पाण्याखाली पात्रातले खडक. त्यावरून उन्हाळा रंगवणारा माणूस वाळूचे बेट कुठे हे मनानेच ठरवतो. वैशाखात शेते मोकळी असतात, काळ्या मातीच्या भेगा आणि बांध दिसतात, पाणी ओसरल्यावर पात्रही उघडे पडते. या चित्रावर पीक उभे करता येते, पाणी चढवता येते. काठाचा उतार ठाऊक असल्याने ते कुठवर चढेल हेही कळते.

सावलीचेही तसेच. परभणी सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे मेच्या मध्याला माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि सावली पायाशी गोळा होते. डिसेंबरच्या उत्तरार्धात तोच सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर राहतो. दहा फूट उंचीच्या बाभळीची सावली भर दुपारी नऊ फुटांहून थोडी अधिक, उत्तरेकडे पडते. मेच्या चित्रात ही सावली नव्याने घालणे सोपे. डिसेंबरच्या चित्रातून ती पुसायची, तर तिच्याखालची अंधारलेली माती पुन्हा घडवावी लागते. रंग हिवाळ्याचे आणि सावल्या आखूड, असे चित्र दिसले की मूळ छायाचित्र उन्हाळ्यातले आहे हे ओळखावे.

म्हणून मेच्या माध्यान्हीचे रूक्ष, सपाट छायाचित्र, जे सहसा कुणी काढत नाही, तेच संदर्भ म्हणून सर्वांत उपयोगी ठरते. त्याला सौंदर्य फारसे नाही. पण भूमीचे काहीही त्याने लपवलेले नसते, आणि उरलेले ऋतू त्याच्यावर चढवता येतात.