आव्यूहाची विहित रूपे
पूर्णांकांचा आव्यूह पंक्ती व स्तंभ यांवरील क्रियांनी कर्णरूपात आणण्याची रीत हेन्री स्मिथ यांनी १८६१ मध्ये दिली. कार्ल व्हायरश्ट्रास यांनी १८६८ मध्ये बहुपदी आव्यूहांसाठी असाच सिद्धांत मांडला. कामीय जॉर्दां यांचे रूप १८७० मधील, तर परिमेय रूप फ्रोबेनियस यांच्या १८७९ मधील कार्यातून आले.

x ने गुणणे म्हणजे A लावणे असे मानले की सदिशावकाश बहुपदींच्या वलयावरील मॉड्यूल होतो आणि संरचना प्रमेयानुसार चक्रीय भागांत विभागतो. A च्या पंक्ती (३, १) व (−१, १) असोत. xI − A च्या पंक्ती (x − ३, −१) व (१, x − १) होत. त्यांत १ असल्याने घटकांचा मसावि १ आहे. निर्धारक (x − २)² आहे. म्हणून कर्णावर १ व (x − २)² उरतात, म्हणजे चक्रीय भाग एकच. x² − ४x + ४ वरून परिमेय रूपाच्या पंक्ती (०, −४), (१, ४) आणि जॉर्दां रूपाच्या (२, १), (०, २) मिळतात.

२I चाही निर्धारक (x − २)² च येतो. पण तेथे मसावि x − २ असल्याने भाग दोन पडतात. केवळ निर्धारक पाहणारा येथेच फसतो. जॉर्दां रूपासाठी मुळे क्षेत्रातच असावी लागतात. X² + १ असता वास्तव संख्यांवर परिमेय रूपच मिळते.