भाजल्यानंतर थांबायचं किती? कॉफीच्या विश्रांतीची कुळकथा

इथिओपियात पाहुण्यांसमोर कॉफी करतात, तेव्हा हिरव्या बिया तव्यावर भाजणं, खलात कुटणं आणि जेबेना नावाच्या मातीच्या सुरईत उकळणं हे सगळं एका बैठकीत उरकतं. भाजलेली बी थंड होण्याआधीच तिची पूड पाण्यात पडते. कॉफीच्या बहुतेक इतिहासात हीच रीत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतही कॉफी बहुधा घरीच भाजली जायची आणि ताजीच प्यायली जायची. आज मात्र पुण्या-मुंबईत चांगल्या रोस्टरकडून पाकीट घेतलं, तर विकणाराच बजावतो, ‘एस्प्रेसोसाठी घेताय ना? मग अजून आठवडाभर उघडू नका.’ ताजं हवं म्हणून पैसे मोजायचे आणि मग ते शिळं व्हायची वाट बघायची, ही रीत चवीच्या शोधातून आलेली नाही. ती आधी पॅकिंगच्या खोलीत जन्मली आणि पुढे एका यंत्राने तिला बळ दिलं.

मूळ भानगड वायूची. बी भाजताना तिच्यातली साखर, अमिनो आम्लं आणि इतर घटक तुटतात आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यातला बराचसा भाजतानाच उडून जातो, तरी भाजलेल्या बीच्या वजनाच्या साधारण एक ते दोन टक्के वायू तिच्या पेशींत कोंडून राहतो. हा आकडा वाटतो तितका क्षुल्लक नाही. 250 ग्रॅमच्या पाकिटात दीड टक्का धरला, तर पावणेचार ग्रॅम वायू होतो. खोलीच्या तापमानाला त्याला सुमारे दोन लिटर जागा लागते. तो पहिल्या काही दिवसांत झपाट्याने आणि मग आठवडेच्या आठवडे रेंगाळत बाहेर पडतो.

जोवर कॉफी घरी भाजली जात होती, तोवर या वायूचं कुणाला काही पडलं नव्हतं. अमेरिकेत जॉन आर्बकल यांनी 1860 च्या दशकात भाजलेली कॉफी कागदी पिशव्यांत घालून विकायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची चिंता वेगळी होती: बी हवेने शिळी होऊ नये. म्हणून ते बियांना अंडं आणि साखरेचा लेप देत. कागदी पिशवीतून वायू आपोआप निसटायचा. अडचण आली ती हवाबंद डब्यांबरोबर. सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स ब्रदर्सनी 1900 मध्ये निर्वात डब्यातली कॉफी बाजारात आणली. प्राणवायू काढून घेतल्यावर कॉफी महिनोन्‌महिने टिकू लागली, पण आता आतला वायू जाणार कुठे? पत्र्याचा डबा आतला थोडा दाब सोसतो. मऊ, विटेसारख्या घट्ट पाकिटाला ते जमत नाही. ताजी कॉफी त्यात भरली, तर ते उशीसारखं फुगतं आणि शेवटी शिवण सोडतं. म्हणून कारखान्यांनी सोपा उपाय काढला. भाजलेली किंवा दळलेली कॉफी भरण्याआधी मोठ्या टाक्यांत ठेवायची आणि वायू गेला की पाकिटं बंद करायची. कॉफीला विश्रांती देण्याची सुरुवात अशी झाली. ती पिणाऱ्यासाठी नव्हती, पाकीट वाचवण्यासाठी होती.

या उपायाची किंमत मोजावी लागायची. टाकीत पडलेल्या कॉफीचा वायू जातो, तसा तिचा वासही जातो आणि हवेतला प्राणवायू आत शिरतो. इटलीत त्रिएस्तेच्या फ्रान्चेस्को इल्ली यांनी 1933 मध्ये आपली कंपनी काढली आणि हवा काढून निष्क्रिय वायू दाबाने भरलेल्या डब्यांची पद्धत बसवली. खरी सोडवणूक मात्र त्यानंतर काही दशकांनी, मिलानच्या गोलिओ कंपनीच्या एकेरी झडपेने केली. पाकिटावर आपल्याला छोटी गोल टिकली दिसते ना, तीच ही झडप. तिच्यात आतून दाब आला की पातळ पडदा उचलला जातो, वायू बाहेर जातो आणि पडदा पुन्हा बसतो. बाहेरची हवा आत येत नाही. यामुळे भाजल्यावर लगेच पाकीट बंद करता येऊ लागलं. कारखान्यातल्या टाकीतली विश्रांती आता गिऱ्हाइकाच्या फळीवर येऊन पडली आणि दिवस मोजायचं कामही त्याच्याकडे आलं.

पण दिवस मोजण्याची खरी निकड एस्प्रेसोने निर्माण केली. लुइजी बेझेरा यांचं 1901 चं पेटंट वाफेच्या दाबाचं होतं, आणि त्यातून येणारी कॉफी काळी आणि जवळपास फेसविरहित असायची. दुसऱ्या महायुद्धानंतर मिलानच्या अकिले गाज्जा यांनी दांड्याने ओढायच्या स्प्रिंगचं यंत्र आणलं. स्प्रिंगचा दाब वाफेपेक्षा कितीतरी जास्त होता आणि कपात वर सोनेरी फेस येऊ लागला. त्याला पुढे ‘क्रेमा’ म्हणून प्रतिष्ठा मिळाली. 1961 मध्ये फायमाच्या ‘ई 61’ या यंत्रात दांड्याची जागा विजेच्या पंपाने घेतली आणि नऊ बार दाब रूढ झाला. क्रेमा म्हणजे मुख्यतः तोच कोंडलेला कार्बन डायऑक्साइड. दाबाखाली तो पाण्यात विरघळतो आणि कपात दाब सुटताच सोड्याची बाटली उघडल्यासारखा बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर येतो. म्हणजे पॅकिंगवाल्याला नको असलेला वायू एस्प्रेसोवाल्याला हवा होता, पण मोजकाच. वायू फारसा उरला नाही तर कपावर फेसाची पातळ कड तेवढी दिसते, आणि जास्त उरला तर यंत्राशी झगडा सुरू होतो.

हा झगडा कसा असतो, ते एका कपाच्या हिशेबाने पाहू. 18 ग्रॅम पूड बास्केटमध्ये दाबून भरली आहे आणि 28 सेकंदांत 36 ग्रॅम कॉफी हवी आहे. कालच भाजलेल्या 18 ग्रॅम बियांत, मघाच्याच दराने, सुमारे दीडशे मिलिलिटर वायू आहे. दळताना पेशी फुटतात आणि त्यातला मोठा भाग, साधारण पाव ते निम्म्याहून अधिक, तिथेच उडतो. निम्मा गेला असं धरलं तरी 75 मिलिलिटर उरतात, म्हणजे दाबलेल्या पुडीच्या चकतीपेक्षाही जास्त. आता या चकतीत 93 अंशांचं पाणी घुसलं की वायू एकदम सुटतो आणि पाण्याला उलटं ढकलतो. पाणी मग सगळ्या पुडीतून सारखं न जाता जिथे वाट मिळेल तिथून धावतं. कपात फिक्या, मोठ्या बुडबुड्यांचा फेस दाटतो आणि कॉफी भरपूर झाल्यासारखी दिसते, पण तराजू जेमतेम 25 ग्रॅम दाखवतो. चवीत आंबटपणा आणि तुरटपणा एकाच वेळी येतो, कारण काही पूड कोरडीच राहिली आणि काही प्रमाणाबाहेर निघाली. अशा वेळी नवशिक्या बरिस्ता दळणं जाड करून पाहतो आणि प्रवाह भसाभस सुटतो. चूक दळण्याची नसते. आठवडा थांबलं, तर त्याच बियांचा कप नीट बसतो.

पुढे मुरलेल्या बियांचं उलट होतं. वायू कमी झाला की पाण्याला अडथळाही कमी, म्हणून पहिल्या आठवड्यात बसवलेलं दळणं दुसऱ्या आठवड्यात तसंच ठेवलं, तर 28 सेकंदांचं काम 22 सेकंदांत उरकतं. मग दळणं थोडं बारीक करत जावं लागतं. म्हणून कॅफेत रोज सकाळी पहिले एक-दोन कप चाखून ओतून देतात आणि दळणयंत्राची खूण हलवतात. ही खूण दर दोन-तीन दिवसांनी एकाच दिशेला सरकत असेल, तर बिया अजून वायू सोडताहेत असं समजायचं.

फिल्टरमध्ये हा झगडा नाही, कारण तिथे दाबच नाही. मेलिटा बेंट्झ यांनी 1908 मध्ये कागदी फिल्टरचं पेटंट घेतलं तेव्हापासून पद्धत तीच: उघड्या पुडीवर गरम पाणी ओतायचं. 15 ग्रॅम पुडीवर आधी 30 ते 45 ग्रॅम पाणी घालून अर्धा-पाऊण मिनिट थांबलं की पूड पावासारखी फुगते, बुडबुडे फुटतात आणि वायू वरच्या वर निघून जातो. मग उरलेलं 200 ग्रॅम पाणी सावकाश ओतायचं. बीने फळीवर न घेतलेली विश्रांती तिला इथे पुडीच्या रूपात अर्ध्या मिनिटात मिळते. फ्रेंच प्रेसमध्येही तेच. माटुंग्याला दळून मिळणाऱ्या कॉफीचा दक्षिणी डिकॉक्शन तर दिवस मोजण्याच्या भानगडीत पडतच नाही. पूड दुकानातच वायू सोडून मोकळी झालेली असते आणि डिकॉक्शन थेंबाथेंबाने, सावकाश उतरतं.

दिवसांचा हिशेब गेल्या काही दशकांत आणखी लांबला, तो हलक्या भाजण्यामुळे. गडद भाजलेल्या बीत वायू जास्त असतो, पण तिची चौकट सच्छिद्र झालेली असल्याने तो लवकर निघतो. हलकी भाजलेली बी घट्ट राहते आणि थोडा वायूही हळूहळू सोडते. स्वित्झर्लंडच्या वेडेन्सविल इथल्या संशोधकांनी वायूच्या या सुटण्याचं वजन वेळेनुसार मोजून हाच कल दाखवला. इटलीच्या गडद एस्प्रेसोसाठी म्हणून पाच ते सात दिवस पुरतात, मध्यम भाजलेल्याला सात ते दहा आणि ज्यात फळाची आंबटगोड चव हवी त्या हलक्या भाजलेल्या बियांना दोन ते तीन आठवडे. फिल्टरसाठी गडद बिया दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच चालतात, मध्यम तीन ते पाच दिवसांनी आणि हलक्या सात ते दहा दिवसांनी. हे ठोकताळे आहेत, नियम नव्हेत. गरम हवामानात वायू लवकर जातो. मुंबईच्या मे महिन्यात तोच मुक्काम तीन-चार दिवस आधी येऊ शकतो.

थांबण्याला मर्यादाही आहे. वायू बाहेर पडताना पाकिटात प्राणवायूला जागा उरत नाही, म्हणजे तोच संरक्षणही करतो. पाकीट फोडलं की हे कवच जातं आणि बी मुरण्यापेक्षा शिळी होण्याचा वेग वाढतो. त्यामुळे विश्रांती पाकीट बंद असतानाच द्यायची आणि उघडल्यावर दहा-बारा दिवसांत संपवायचं. कॉफी नेमकी आवडीला आली आणि पाकीट मोठं असलं, तर उरलेल्या बिया छोट्या हवाबंद पुड्यांत डीप फ्रीजरमध्ये ठेवाव्यात. थंडीत वायूही थिजल्यासारखा हळू सुटतो आणि वासही टिकतो. एक पुडी काढली की ती पुन्हा आत ठेवायची नाही.

पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल, तर यातलं काहीच करता येत नाही. ती असेल तर एस्प्रेसोवाल्याने तिच्यापासून पुढे मोजावं आणि घाई असेल तर आधी फिल्टरमध्ये पिऊन बघावं. मध्यम भाजलेलं एक पाकीट दोन्ही कामांना वापरायचं असेल, तर पहिल्या आठवड्यात फिल्टर आणि दुसऱ्यापासून एस्प्रेसो हा क्रम ठेवायचा.