श्रमाचे मोजमाप आणि विश्वासाची मर्यादा

श्रमाच्या मोजमापाविषयीचा वाद जुना आहे. १९११ साली अमेरिकेतील वॉटरटाऊन शस्त्रागारात स्टॉपवॉचने कामाची वेळ मोजली जाताच ओतकाम करणाऱ्या कामगारांनी संप केला. घरून काम करणाऱ्यांच्या बाबतीत त्याच वादाचे नवे रूप फ्रान्समधील एका निर्णयात दिसते.

तेथील स्थावर मालमत्तेचा व्यवहार करणाऱ्या एका कंपनीने कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर देखरेखीचे सॉफ्टवेअर बसविले होते. कळफलक वा माउस ३ ते १५ मिनिटे न हलल्यास तो काळ निष्क्रिय म्हणून नोंदला जाई, व त्याचे समर्थन न झाल्यास वेतनातून कपात होऊ शके. पडद्याची छायाचित्रेही नियमित घेतली जात. डिसेंबर २०२४ मध्ये फ्रान्सच्या माहिती-संरक्षण आयोगाने कंपनीस ४०,००० युरो दंड केला. बैठक किंवा दूरध्वनीवरील संभाषण हेही कामच होय. तेव्हा कळफलकाच्या स्तब्धतेवरून कामाचे तास ठरत नाहीत, असे आयोगाने मानले. शिवाय छायाचित्रांत खासगी पत्रे व संकेतशब्द उतरण्याचा धोका होता.

कामावर लक्ष ठेवण्याचा मालकाचा अधिकार येथे नाकारला गेला नाही. त्याने निवडलेले साधनच अयोग्य ठरले. कामचुकारपणाचा खरोखर संशय असेल, तर हाताची हालचाल न मोजता पुरे झालेले काम तपासणे, हेच न्यायाला धरून आहे.