नाव घेणं आणि हाक मारणं : उखाण्याचा एक छोटा इतिहास



संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. अशा दिवसांत, तेही शिरड शहापुरात, म्हणजे औंढ्याच्या आणि वसमतच्या हळदीच्या शेजारी बसून बोलायचं, तर तत्त्वज्ञानाच्या माणसानंही उखाण्यावरच बोलावं असं मी ठरवलं. समोर बसलेल्या भगिनींना मी उखाणे शिकवणार नाही, ते तुम्हालाच जास्त येतात. मला एका प्रश्नाचा माग काढायचा आहे. जिनं नवऱ्याचं नाव उच्चारायचंच नाही, त्याच बाईला चारचौघींत उभं करून 'नाव घे, नाव घे' असा आग्रह का होतो? एकच समाज दोन्ही गोष्टी कशा सांगतो?

आधी मूळ बंदी समजून घेऊ. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, अशी समजूत होती. त्यामुळे घरोघरी पर्यायी शब्द तयार झाले. 'अहो', 'हे', 'इकडची स्वारी', आपल्या मराठवाड्यात 'मालक', 'धनी', आणि मूल झालं की 'बाळूचे बाबा'. शिकलेल्या घरांतही हे होतंच. रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील कांही आठवणी' हे पुस्तक १९१० साली आलं. ते न्यायमूर्तींच्या सहवासाचंच पुस्तक आहे, पण त्यात रमाबाई नवऱ्याचा उल्लेख नावानं न करता 'स्वतः' अशा शब्दानं करतात. पुढे १९३४ पासून लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' येऊ लागली. त्यात त्या सरळ 'टिळक' म्हणतात. आडनाव का होईना, पण ते उच्चारलं आहे. साधारण पंचवीस वर्षांतला हा फरक लहान नाही.

ही बंदी फक्त आपल्याकडेच होती असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत झुलू आणि खोसा समाजांत 'ह्लोनिफा' नावाची रीत आहे. तिथं सुनेनं सासऱ्याचं नाव तर टाळायचंच, पण त्या नावातली अक्षरं ज्या इतर शब्दांत येतात तेही टाळायचे. आपल्या लोककथेतली सून तुम्हाला आठवत असेल. तिच्या सासरच्यांची नावं होती नदी, मेंढी, लांडगा आणि सुरी अशी. एक दिवस नदीपलीकडे लांडग्यानं मेंढी धरली. सून ओरडत आली, "वाहत्याच्या पलीकडे बें-बें करणारीला धरणाऱ्यानं धरलंय, कापणारं घेऊन पळा!" हे कोडं घरच्यांना उलगडेपर्यंत मेंढी संपलेली होती. कथा हसण्याची आहे, पण बंदीची किंमत कोण मोजतं हे ती नेमकं सांगते.

आता उखाण्याकडे येऊ. मराठीत 'उखाणा' या शब्दाचा दुसरा अर्थ कोडं असा आहे. हे दोन अर्थ एका शब्दात उगीच आलेले नाहीत. कोड्यात वस्तू आधी लपवायची आणि मग उघड करायची. नाव घेण्याच्या उखाण्यातही तेच होतं. पहिल्या ओळीत हळद, देऊळ, तवा असं भलतंच काही येतं, ऐकणाऱ्या बायका वाट पाहतात, आणि दुसऱ्या ओळीत नाव सुटतं. लोककथेतली सून नाव टाळण्यासाठी वर्णन करते. उखाण्यातली सून वर्णनाच्या वाटेनं नावापर्यंत पोचते.

पण मग बंदी मोडली का? नाही मोडली. इथं तत्त्वज्ञानातला एक साधा भेद कामाला येतो. शब्द वापरणं वेगळं आणि शब्दाचा उल्लेख करणं वेगळं. आपल्या मराठीनं तर हा भेद रोजच्या बोलण्यातच ठेवला आहे. 'हाक मारणं' वेगळं, 'नाव घेणं' वेगळं. नावानं हाक मारली म्हणजे मी त्या माणसाला बोलावलं, त्याच्यावर हक्क सांगितला, बरोबरी केली. ती बंदी होती. उखाण्यात नवरा समोर नसतो, हळदीकुंकवाला तर पुरुष नसतातच. तिथं नाव फक्त यमकाच्या चौकटीत ठेवून दाखवलं जातं, त्यानं कुणाला बोलावलं जात नाही. म्हणून बंदीही राहते आणि नावही घेतलं जातं. माझ्या मते उखाणा ही त्या नियमातली पळवाट आहे, आणि ती नियम करणाऱ्या समाजानंच ठेवलेली आहे.

इथं एक गंमत पाहा. लग्नात नवरीचं नाव बदलत, आणि ते नवं नाव नवरा ताटातल्या तांदळात लिही. म्हणजे तिचं नाव तांदळात आणि त्याचं नाव उखाण्यात. तांदूळ तिथंच विस्कटले जात, उखाणा मात्र तिला आयुष्यभर पाठ ठेवावा लागे.

आता उखाण्याची घडण पाहू. विनोद कुठं बसतो ते त्याशिवाय कळणार नाही. मी याचे दोन प्रकार करतो. पहिला प्रकार सुट्या नावाचा. उदाहरणासाठी मीच एक जुळवला आहे.

वसमतच्या बाजारात हळदीला आला भाव,
वाट नका अडवू, घेते अमोलरावांचं नाव.

यात यमक 'नाव' या शब्दाशी आहे, नवऱ्याच्या नावाशी नाही. अमोलराव काढून विजयराव घाला, काही बिघडत नाही. असे उखाणे एकीकडून दुसरीकडे सहज जातात, म्हणूनच ते टिकले. 'भाव, गाव, राव, नाव' ही यमकं त्यांच्या फार कामाची. पूर्वी नवरी दहा-अकरा वर्षांची पोर असायची. तिला आई किंवा आत्या असा तयार उखाणा पाठ करून देई, फक्त नाव बदलून. 'राव' हा शब्दही बघा. घरात ती त्याला नुसतं 'अमोल' म्हणते, पण उखाण्यात तो अमोलराव होतो. तरुण जोडप्यांमधला हा 'राव' आता बहुतेक उखाण्यापुरताच उरला आहे.

सुट्या नावाच्या उखाण्यातही चतुराई करता येते. हळदीत चुन्यासारखा क्षार मिसळला की ती लाल होते, कुंकू पूर्वी असंच करत. त्यावरून हा घ्या.

हळदीत चुना मिसळला की तयार होतं कुंकू,
भांडताना अमोलराव म्हणतात, "आपणच जिंकू!"

या 'आपण'चा अर्थ 'मी एकटा' की 'आपण दोघं'? ते तिनं सांगायचं नाही. बायका आपापल्या घरचा अर्थ घेतात आणि हसतात.

दुसरा प्रकार बांधलेल्या नावाचा. यात नाव बदललं की उखाणा कोसळतो. ओळखायची खूण हीच. नाव बदलून बघायचं.

पोळी झाली नकाशासारखी, द्या तव्याला दोष,
तरी दोन जास्त खाल्ल्या, नावच त्यांचं संतोष!

इथं यमकही नावाशी आणि अर्थही नावाशी. विजयरावांना ही पोळी पचणार नाही.

आता नवऱ्याचं नाव नामदेव असेल तर? हे नाव आपल्या भागात पुष्कळ, कारण संत नामदेवांचं नरसी आपल्याच जिल्ह्यात आहे. 'देव'शी यमक जुळवायला गेलं की 'ठेव', 'शेव' असे शब्द येतात आणि शेव-चिवड्याचा उखाणा तयार होतो. तो सोडून द्यायचा. नावाशी काय जोडलेलं आहे ते बघायचं. औंढ्याची आख्यायिका सगळ्यांना ठाऊक आहे. नामदेवांना देवळासमोर कीर्तन करू दिलं नाही, ते मागे जाऊन उभे राहिले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नंदी देवळाच्या मागे राहिला तो त्यामुळे, असं सांगतात. म्हणजे 'फिरणं' हा शब्द मिळाला. घरातला नामदेव कशाला फिरत नाही? बायकोच्या हाकेला. आता बांधणी झाली.

कीर्तनापायी औंढ्याचं देऊळ फिरलं म्हणे सारं,
आमचे नामदेवराव हाक मारली तरी फिरत नाहीत बरं!

पहिली ओळ पूर्ण श्रद्धेनं म्हणायची, हसायचं नाही. 'आमचे' म्हटल्यावर क्षणभर थांबायचं, मग नाव. हा उखाणा पुण्यात फसेल, कारण तिथं देऊळ कुठलं हे सांगावं लागेल, आणि समजावून सांगितलेला विनोद मरतो. इथं शिरडला मात्र एक शब्दही समजवावा लागणार नाही. आणि इतिहासाच्या दृष्टीनं त्यातली मेख पाहा. 'हाक मारली' असं ती उघड म्हणते. ज्या गोष्टीची बंदी होती तीच आता विनोदाचा विषय झाली. जुन्या उखाण्यात नाव तोंडातून निघतं हीच गंमत होती. आता नाव रोजच निघतं, त्यामुळे गंमत नवऱ्याच्या सवयींकडे सरकली. नियम गेला, त्याची पळवाट मात्र खेळ म्हणून राहिली.

फसतं कुठं, तेही सांगतो. पहिली ओळ श्वासात मावत नसेल तर नाव येईपर्यंत बायकांचं लक्ष तिळगुळाकडे जातं. फोनवरून उतरवलेला उखाणा असेल, तर त्याच संध्याकाळी आणखी कुणी तरी तोच म्हणते. आणि नव्या नवरीनं पहिल्याच वर्षी सासूवर विनोद करू नये. नवऱ्यावरचा विनोद सासूलाही आवडतो, हा माझा नव्हे, तुमचाच अनुभव असेल.

शेवटचा मुद्दा अवघड आहे, पण टाळता येणार नाही. हळदीकुंकू सवाष्णींचं. म्हणजे जिनं चाळीस वर्षं नाव घेतलं, तिचा नवरा गेला की त्या संध्याकाळपासून तिची पाळी संपते. आयुष्य कमी होऊ नये म्हणून नाव घ्यायचं नाही, असा नियम होता ना? मग ते आयुष्य संपल्यावर बंदीचं कारणच उरत नाही. तर्कानं पाहिलं तर नाव मोकळेपणानं घेण्याचा अधिकार सर्वांत आधी विधवेला मिळायला हवा होता. प्रत्यक्षात मात्र उखाणा तिच्याकडूनच काढून घेतला गेला. यावरून कळतं की बंदी नवऱ्याच्या आयुष्यासाठी नव्हतीच, ती बाईचं घरातलं स्थान ठरवण्यासाठी होती. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर गावांनाही तसं आवाहन करणारं परिपत्रक काढलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवण्याचा तो ठराव आहे. उखाणा कुठल्याच ठरावात येत नाही. तो हळदीकुंकू ठेवणाऱ्या बाईच्या हातात असतो, ती कुणाकडे वळून 'तुम्हीही नाव घ्या' म्हणते त्यावर.

नवी सून नाव घेते तेव्हा तिला पुढचं ठाऊक नसतं. कोपऱ्यात बसलेल्या काकूंना सगळं ठाऊक असतं, आणि त्यांच्याकडचे उखाणे जास्त चांगले असतात. ते ऐकायचे की नाही, हे यंदाच्या रथसप्तमीपर्यंत तुम्हीच ठरवा.

इथं थांबतो.