शेजाऱ्याच्या भिंतीलगत पाया खोदताना : अख्खा चर एकदम उघडू नका

वाई : गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी या जुन्या भागांत घरांच्या भिंती एकमेकींना खेटून आहेत. जुनं घर पाडून पिलरचं घर बांधायचं म्हटलं की नवा पाया शेजाऱ्याच्या पायापेक्षा खोल जातो. जेसीबीनं एका दिवसात चर मारला, की शेजारच्या दगडमातीच्या भिंतीखालची माती मोकळी होते आणि भिंत खड्ड्याकडे झुकते.

आधी भिंतीलगत हातानं एक लहान खड्डा घेऊन शेजारचा पाया किती खोल आहे ते बघावं. समजा तो 3 फुटांवर संपतो आणि नवा 6 फूट न्यायचा आहे. फरक 3 फुटांचा. मातीत अशा फरकाच्या दुप्पट, म्हणजे 6 फूट अंतर सोडणं हा सुरक्षित हिशेब. वीस फुटी जागेत तेवढं कोण सोडणार? मग तुकड्यांनी काम करावं लागतं.

भिंत 32 फुटांची असेल तर 4-4 फुटांचे आठ तुकडे आखावेत. भिंत मातीत रचलेली असेल तर तुकडे 3 फुटांचेच बरे. पहिल्या फेरीत 1, 4 आणि 7 एवढेच खोदायचे. मधली माती भिंतीला धरून ठेवते. शेजाऱ्याच्या पायाखालचा तेवढा भाग काढून तिथं काँक्रीट भरायचं, वर दोनेक इंच फट ठेवायची. काँक्रीट घट्ट झालं की दुसऱ्या दिवशी एकास तीन सिमेंट-वाळूचा, मुठीत गोळा होईल इतपतच ओला मसाला फटीत ठोकून बसवायचा. फट राहिली तर भिंत तेवढी खाली बसणार, म्हणून गवंड्यांना कंटाळवाणं वाटलं तरी हे ठोकणं चुकवू नये. दोन-तीन दिवसांनी 2, 5, 8 आणि शेवटी 3, 6.

हे काम शेजाऱ्याच्या पायाखाली जातं, त्यामुळे त्याची लेखी संमती आणि इंजिनिअरचा आराखडा हवाच. 1882 च्या इझमेंट कायद्यानुसार 20 वर्षं विनाखंड मिळालेल्या आधारावर भिंतीचा हक्क लागू शकतो. सुरुवातीलाच दोघांनी मिळून जुन्या भेगांचे तारखेसह फोटो काढावेत. भेगेवर काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवावी. पट्टी तडकली तर भिंत हलतेय. रोज ओळंबा लावून बघावा. दार अडकू लागलं किंवा पायाच्या दगडांखालून माती गळू लागली, तर तपास नंतर. आधी खड्डा मुरूम टाकून, दाबून बुजवावा.

पाण्याचा धोका सगळ्यात मोठा. पुण्यात कोंढव्यात 29 जून 2019 ला पावसात संरक्षक भिंत कोसळून 15 जणांचा जीव गेला. भिंतीपलीकडे नव्या इमारतीचं काम चालू होतं. शेजारची पन्हाळ खड्ड्यात पडत असेल तर ती आधी वळवावी, आणि खोदाई जूनच्या आत उरकत नसेल तर दिवाळीनंतरच धरावी.