पासिंग

कायद्याच्या पुस्तकात त्याला 'योग्यता प्रमाणपत्र' म्हणतात, पण ट्रकवाले, टेम्पोवाले आणि गॅरेजवाले हा शब्द कधी वापरत नाहीत. ते म्हणतात 'पासिंग'. गाडी पासिंगला न्यायचीय, पासिंग संपलंय, पासिंग काढून देतो. शब्द शाळेच्या निकालाचा आहे. पास की नापास, एवढंच. आणि शाळेसारखंच इथंही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सगळा अभ्यास होतो.

माझं कुतूहल चाळवलं ते १९३९च्या मोटार वाहन कायद्यातल्या ३८व्या कलमामुळे. त्यात गाडी तपासा, दोष सापडला तर दंड करा, एवढंच म्हटलेलं नाही. धंद्याच्या गाडीपाशी चालू योग्यता प्रमाणपत्र नसेल, तर तिची नोंदणी वैध झालीच आहे असं मानू नये, असं ते म्हणतं. म्हणजे पासिंग संपलं की कायद्याच्या नजरेत ती गाडी रस्त्यावर नाहीच. आपल्याकडचा पहिला देशव्यापी मोटार कायदा १९१४चा. त्यानंतर पाव शतकात लॉऱ्या आणि खासगी मोटरबसा गावोगाव पोचल्या, तेव्हा ही कल्पना कायद्यात बसली. १९८८चा नवा कायदा आला तेव्हा ३८चं ५६ झालं, आशय तोच राहिला. नव्या गाडीला सुरुवातीला दोन वर्षं आणि मग दरवर्षी, असा नेम पुढे बरीच वर्षं चालला. २०१८पासून पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी, असा झाला. खासगी मोटारीला मात्र पंधरा वर्षं कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये १९६० साली सक्तीची तपासणी सुरू झाली ती दहा वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी. सात वर्षांत ती मर्यादा तीन वर्षांवर आली. आपण पंधरावरच आहोत.

कायदा इतका कडक, मग तपासणी कशी व्हायची? हा प्रश्न २०१३ साली पुण्यातल्या एका नागरिकाने जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात नेला. तक्रार साधी होती. निरीक्षक गाडीकडे बघतात, चासी नंबर ताडतात, दिवे लावून दाखवायला सांगतात आणि सही करतात. गाडी चालवून ब्रेक लावून पाहायला कार्यालयापाशी जागाच नाही. न्यायालयाने २०१६मध्ये जे सांगितलं ते मला फार आवडतं, कारण ते अगदी जमिनीवरचं आहे: प्रत्येक परिवहन कार्यालयापाशी ब्रेक तपासायला २५० मीटरचा ट्रॅक हवा. पुढे मुदती मागितल्या गेल्या, वाढल्या, आणि अखेर जिथे ट्रॅक नाही तिथलं पासिंगच बंद झालं. मालकांना गाड्या घेऊन दुसऱ्या कार्यालयाच्या वाऱ्या कराव्या लागल्या. पुण्याच्या गाड्या सासवड रस्त्यावर दिवे इथल्या ट्रॅकवर जाऊ लागल्या. मुंबईत सलग २५० मीटर मोकळी सरळ जागा शोधणं म्हणजे काय, हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको.

ब्रेकसाठी एवढा आटापिटा का, हे मला एका गॅरेजच्या मिस्त्रींनी ट्रकखाली आडवं पाडून दाखवलं. जड गाडीचे ब्रेक हवेवर चालतात. पेडल दाबलं की टाकीतली हवा प्रत्येक चाकापाशी असलेल्या डब्यात जाते, डब्यातून एक दांडा बाहेर येतो, तो तरफ फिरवतो आणि ड्रमच्या आत लायनर घासू लागतात. नेहमीच्या मोठ्या डब्याचा दांडा फार तर अडीच इंच बाहेर येऊ शकतो. लायनर झिजले की ड्रमपर्यंतचं अंतर वाढतं आणि दांड्याला जास्त बाहेर यावं लागतं. दोन इंचांच्या पुढे गेला की जोर झपाट्याने उतरतो. हे अंतर जुळवायला तरफेवरच स्लॅक अ‍ॅडजस्टर असतो. जुन्या गाडीत तो हाताने, पान्याने फिरवावा लागतो. नव्या गाड्यांत आपोआप फिरणारा असतो, पण तोही गंजतो, अडकतो.

"आता बघा," मिस्त्री म्हणाले, "सपाट रस्त्यावर ड्रायव्हरला काही कळत नाही. हळू दाबतो, गाडी थांबते. घाटात ड्रम तापला की फुगतो. लायनरपासून आणखी लांब जातो. दांडा शेवटाला टेकला की संपलं. पेडल तळाला, हवा भरपूर, ब्रेक नाही."

वर्तमानपत्रात दुसऱ्या दिवशी 'ब्रेक निकामी' असं छापून येतं, जणू काही तुटलं. बहुतेकदा काहीच तुटलेलं नसतं. महिन्याभरापूर्वी पाना फिरवायचा राहिलेला असतो. डिझेल वाचवायला ड्रायव्हरने उतारावर इंजिन बंद केलं असेल तर आणखीच कठीण: कॉम्प्रेसर थांबतो आणि प्रत्येक दाबासरशी टाकीतली हवा कमी होते. बोरघाट उतरणाऱ्या किंवा कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या ट्रकच्या पुढे आपली स्कूटर असते, तेव्हा हे गणित आपलंही असतं. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी चांगल्या ब्रेकने २८ मीटरच्या आसपास थांबते. ब्रेकचा जोर निम्मा असेल तर ५५ मीटर लागतात. मधले २७ मीटर म्हणजे बसच्या दोन लांब्यांहून जास्त.

जुनी गाडी म्हणजे धोका, हे समीकरण मात्र मला अर्धंच पटतं. मुंबईच्या काळ्यापिवळ्या पद्मिनी टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा होती. शेवटची २००३च्या ऑक्टोबरात नोंदलेली होती, ती २०२३च्या ऑक्टोबरात उतरली. वयाची मर्यादा राबवायला सोपी, कारण तारीख खोटं बोलत नाही. पण शेवटी शेवटी ज्या पद्मिनी उरल्या होत्या, त्यातल्या कित्येक मालकांनी जीव लावून सांभाळलेल्या होत्या. उलट पाच वर्षांचा, खाणीवर दामटलेला डंपर त्यांच्याहून म्हातारा असतो. वयाने जे नक्की बिघडतं ते वेगळं: चासीचा गंज, रबरी नळ्यांच्या भेगा, पाट्यांचे तडे, स्टिअरिंगमधला खेळ. हे हळूहळू येतं आणि रोजच्या ड्रायव्हरला त्याची सवय होते. तिऱ्हाईताने तपासायचं ते यासाठी. २०२२च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या ट्रक-बसच्या पासिंगची फी साडेबारा हजार झाली. गाडी भंगारात निघावी हा त्यामागचा हेतू लपलेला नाही. पण फी भरणाऱ्याचे ब्रेक त्यामुळे सुधारत नाहीत.

आता यंत्रांची केंद्रं येत आहेत. त्यांतल्या रोलरवर चाक ठेवून ब्रेक दाबला की प्रत्येक चाकाचा जोर वेगळा मोजला जातो. डावं-उजवं यांतला फरक लगेच दिसतो. ट्रॅकवर निरीक्षकाला तो गाडी एका बाजूला ओढली तरच कळे. हा बदल मला खरा वाटतो. मात्र ट्रक रोलरवर बहुधा रिकामा येतो आणि घाटात भरलेला उतरतो, तोही कागदावरच्या वजनाहून जास्त भरलेला. थंड ड्रम, रिकामी गाडी, नुकताच फिरवलेला पाना: त्या दिवशीचा आकडा खराच असतो.

आणि टायर? ते मी मिस्त्रींना विचारलं. ते हसले. कोपऱ्यात सहा टायरांची उतरंड होती, नक्षी खोल, जवळजवळ नवे.

"हे पासिंगचे," ते म्हणाले. "सकाळी लावतो, संध्याकाळी परत येतात. या महिन्यात चौथी गाडी."